काफ्कातील नोंदींचा क्रम

काफ्का ही लिंक्डइनमध्ये तयार झालेली आणि २०११ साली सर्वांसाठी खुली झालेली प्रणाली आहे. एका प्रोग्रॅमने घडलेली घटना तिच्यात नोंदवायची आणि इतरांनी ती आपापल्या वेगाने वाचायची, असे तिचे काम चालते. नोंद वाचल्यावर पुसली जात नाही. ठरलेली मुदत संपेपर्यंत ती टिकते.

एका विषयाच्या नोंदी अनेक पार्टिशनांत वाटलेल्या असतात. पार्टिशन म्हणजे एक वहीच. नवी नोंद नेहमी शेवटी लिहिली जाते आणि तिला ऑफसेट हा क्रमांक मिळतो. क्रमाची हमी मात्र एका वहीपुरतीच असते. एखाद्या खात्यात आधी ५०० रुपये जमा झाले आणि मग ४०० काढले, पण या नोंदी दोन वह्यांत गेल्या, तर काढल्याची नोंद आधी वाचली जाऊन शिल्लक अपुरी ठरू शकते. म्हणून प्रत्येक नोंदीला खाते क्रमांक ‘की’ म्हणून जोडतात. कीवरून पार्टिशन ठरत असल्याने एका खात्याच्या नोंदी एकाच वहीत राहतात. पुढे पार्टिशनांची संख्या वाढवली, तर हे गणित बदलते आणि त्याच खात्याच्या नव्या नोंदी दुसऱ्या वहीत जाऊ शकतात.

वाचणाऱ्या प्रोग्रॅमांच्या गटाला कन्झ्युमर ग्रुप म्हणतात. गटात एक पार्टिशन एका वेळी एकाच वाचकाकडे असते. सहा पार्टिशने तीन वाचकांत दोन-दोन अशी वाटली जातात. वाचक आठ असतील तर दोघे रिकामे बसतात. खतावणी करणारा गट आणि एसएमएस पाठवणारा गट त्याच नोंदी स्वतंत्रपणे वाचतात.

कुठवर वाचून झाले, याची खूण गट काफ्कातच ठेवतो. ४१ क्रमांकाची नोंद खात्यात मांडण्याआधीच खूण ४२ वर नेली आणि वाचक बंद पडला, तर ४१ कायमची सुटते. आधी मांडून मग खूण हलवायची ठरवली आणि मधेच वाचक पडला, तर नवा वाचक ४१ पुन्हा मांडतो. पैशांच्या कामात दुसरा मार्ग धरतात, कारण दुबार नोंद ओळखता येते. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक देतात. शिल्लक बदलणे आणि तो क्रमांक नोंदवणे डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होते. क्रमांक आधीच आढळला, तर नोंद सोडून दिली जाते.

लिहिणाऱ्या बाजूलाही हीच काळजी लागते:

```
acks=all
enable.idempotence=true
```

पहिल्या ओळीमुळे मुख्य प्रतीशी जुळत असलेल्या सर्व प्रतींत नोंद पोहोचल्यावरच पोच मिळते. विषयाच्या तीन प्रती ठेवून `min.insync.replicas=2` केले, तर किमान दोन प्रती उपलब्ध नसताना नोंद स्वीकारलीच जात नाही. पोच वाटेत हरवल्याने प्रोग्रॅमने तीच नोंद आपोआप पुन्हा पाठवली, तर दुसऱ्या ओळीमुळे ती वहीत दुबार चढत नाही.

एसएमएसला मात्र हे संरक्षण पुरत नाही. पाठवलेला संदेश डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्ये बसत नाही, म्हणून तो क्वचित दोनदा जाऊ शकतो.