टोचलेला कान पिकला तर

दहा वर्षांच्या मुलीचे कान टोचून पाच दिवस झाले आहेत. एका कानाची पाळी लाल झाली आहे, हात लावला तर गरम लागते आणि रात्री ठणकते. डुलाच्या बुडाशी पिवळट पू दिसतो. अशा वेळी आईचा हात आधी डूल काढायला जातो. नेमकं तेच घाईनं करू नये. डूल निघालं की वरचं छिद्र लवकर मिटतं, पू आतच कोंडतो आणि गळू होऊ शकतं. डूल जागेवर असलं की पू बाहेर यायला वाट राहते.

पहिले काही दिवस थोडी लाली असणं आणि पांढुरकं पाणी येऊन त्याची खपली धरणं, हे जखम भरण्याचंच लक्षण आहे. दुखणं रोज कमी व्हायला हवं. ते वाढत गेलं, पू घट्ट आणि पिवळा-हिरवा झाला, तर जंतुसंसर्ग समजावा. नुसती खाज सुटत असेल आणि दोन्ही पाळ्यांवर पुरळ उठून पाणी सुटत असेल, तर खोट्या दागिन्यातल्या निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते. तिथे तो दागिना बदलावाच लागतो.

आता या मुलीचा कान. आधी साबणानं हात स्वच्छ धुवा. पाळी सुजल्यामुळे मागची फिरकी रुतायला लागली असेल, तर ती हलकेच सैल करा. एक कप उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा पाव चमचा मीठ विरघळवा किंवा औषधाच्या दुकानातलं सलाइन घ्या. त्यात भिजवलेला स्वच्छ गॉज पाळीवर पुढून-मागून पाच मिनिटं धरा. खपली मऊ होऊन आपोआप सुटू द्या, नखानं काढू नका. मग कोरड्या गॉजनं टिपून घ्या. हे दिवसातून दोनदा करा. डूल गोल फिरवू नका, त्यानं जखम पुन्हा उघडते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडनं नवी कातडी जळते. हळद-तेलाचा लेप छिद्राचं तोंड बुजवतो. पू दाबून काढू नका.

दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जा. ताप आला, लाली गालाकडे किंवा मानेकडे पसरली, फिरकी पाळीत रुतून दिसेनाशी झाली, तर त्याच दिवशी जा. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मनानं देऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं, तेही डॉक्टरांना सांगा.

भिकबाळीसारखा दागिना घालतात त्या कानाच्या वरच्या भागात मात्र घरचे उपाय करत थांबू नका. तिथे कूर्चा असते. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे संसर्ग झाला की ती झिजते आणि कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. वरचा कान लाल होऊन दुखू लागला, तर पू दिसण्याची वाट न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.