भिंतीवरचा प्युरिफायर: आधी टेप घ्या, मग आकडा वाचा

जाहिरातीत वॉटर प्युरिफायर ओट्यावरच्या कपाटांखाली डब्यासारखा छान बसलेला दिसतो. प्रत्यक्षात घरगुती आरओ यंत्राची उंची साधारण 20 इंच असते आणि ओटा व वरची कपाटं यांच्यात सुतार बहुतेक वेळा दोन फूटच सोडतो. 24 मधून 20 गेले की उरतात चार इंच. तोटी असते यंत्राच्या तळाशी. तिच्याखाली एवढ्या जागेत पेलासुद्धा धड उभा राहत नाही, मग लिटरची स्टीलची बाटली कुठली! वर टाकी धुण्यासाठी झाकण उघडायलाही जागा लागते.

म्हणून तोटीपासून मोजायला सुरुवात करावी. घरातलं सर्वांत उंच भांडं ओट्यावर ठेवा, त्यावर दोन बोटं जागा सोडा आणि तिथे तोटीचं तोंड येईल असं धरून वरची खूण करा. हिशेब साधारण 32 इंचांवर जातो. म्हणजे वरचं कपाट जिथे नाही अशीच भिंत हवी. सिंकच्या बाजूची भिंत सोयीची, कारण नळ आणि सांडपाण्याची वाट जवळच असते. गॅसच्या शेजारी मात्र नको. तेलकट वाफ झाकणाच्या फटींत बसते आणि उष्णता प्लास्टिकला मानवत नाही. थेट ऊन पडतं तिथे पारदर्शक टाकीत शेवाळ धरायला वेळ लागत नाही.

आठ लिटरची टाकी भरली की सारा भार 16-17 किलोंवर जातो आणि तो दोनच स्क्रूंवर असतो. स्क्रूचा प्लग टाइलमागच्या विटेत पोचला पाहिजे, नुसत्या टाइलच्या जाडीत अडकून चालत नाही. नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यांना वेगळे प्लग लागतात. नळाच्या सरळ वर भोक पाडू देऊ नका, आतून पाइप गेलेला असू शकतो. विजेचा सॉकेट बाजूला असावा, यंत्राच्या खाली नसावा.

आता दर्शनी पडद्याकडे वळू. त्यावर टीडीएसचा आकडा येतो. म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, एका लिटरला किती मिलिग्रॅम ते. यंत्र पाण्यातून वीज किती सहज जाते हे पाहून तो आकडा काढतं. त्यामुळे जंतू आहेत की नाहीत, हे तो सांगतच नाही. पडद्यावर 40 आलं की पाणी 'शुद्ध' अशी आपली समजूत असते. 40 टीडीएसच्या पाण्यातही जुलाबाचे जंतू असू शकतात. त्यांच्यासाठी अतिनील दिवा असतो आणि त्याचा बिघाड दाखवणारी खूण वेगळी असते. मला ती खूण आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते.

आकडा एकटा वाचू नये. समजा, सोसायटीच्या बोअरचं पाणी 900 टीडीएसचं आहे आणि तोटीतून 90 चं येतंय. मेंब्रेन ठीक काम करतंय. काही महिन्यांनी पडद्यावर 180 दिसलं, तर ताबडतोब मेंब्रेन बदलायला धावू नका. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला असेल आणि आत येणारं पाणीच 1800 वर गेलं असेल, तर प्रमाण तेच आहे. आत 900 च असून बाहेर 180 आलं, तर मात्र मेंब्रेन थकलंय किंवा आत मिसळण्याचा स्क्रू फिरलाय. म्हणून नळाचं पाणीही हातातल्या मीटरने मोजून घ्यावं. यंत्र बराच वेळ बंद राहिलं, की सुरू होताना पहिलं पाणी थोडं जास्त आकड्याचं येतं, कारण थांबलेल्या मेंब्रेनमधून क्षार हळूहळू पलीकडे झिरपतात. पुढे आकडा उतरतो.

'फिल्टर बदला' ही सूचनाही बहुतेक यंत्रांत तास किंवा लिटर मोजून येते. फिल्टर किती गढूळ झाला, ते कुणी तपासत नाही.

वरच्या 900 च्या उदाहरणात एक लिटर पिण्यासाठी मिळताना साधारण तीन लिटर बाजूला निघून जातं, आणि त्या पाण्याचा टीडीएस 1170 च्या आसपास होतो. फरशी पुसायला ते चालतं. कुंड्यांना रोज घातलं, तर मातीत क्षार साचतात.

भारतीय मानक संस्थेच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्यात 500 पर्यंत टीडीएस स्वीकारार्ह आहे. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही 500 च्या खाली टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालावी, असे निर्देश दिले होते. धरणाचं, महापालिकेने शुद्ध केलेलं पाणी बऱ्याचदा या मर्यादेच्या बरंच खाली असतं. तुमच्या नळाचं पाणी तसं निघालं आणि त्यात दुसरा काही दोष नसेल, तर आरओशिवायचं, गाळणी आणि अतिनील दिवा असलेलं यंत्र घ्या. ते स्वस्त पडतं आणि पाणी वाया घालवत नाही.