पान काढण्याआधी त्याचा पत्ता तपासा

शेतीपंप बनवणाऱ्या एखाद्या कंपनीचं पंधरा वर्षांपूर्वीचं संकेतस्थळ घ्या. आता ते नव्यानं बांधायचं ठरलं आहे. बैठकीत चर्चा रंगांची आणि फोटोंची होते, पण नुकसान होतं ते जुनी पानं नीट न तपासता काढून टाकल्यामुळे.

पहिलं काम पूर्ण यादीचं. स्क्रीमिंग फ्रॉगसारखं सॉफ्टवेअर मुखपृष्ठापासून एकेक दुवा धरत जातं आणि सापडलेल्या पानांचे पत्ते गोळा करतं. पाचशे पत्त्यांपर्यंत ते मोफत चालतं. मात्र ज्या पानाकडे संकेतस्थळावरून कुठूनच दुवा जात नाही, ते त्याला दिसत नाही. बंद झालेल्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका नेमकी अशीच सुटते, आणि पंपावर चिकटवलेला क्यूआर कोड तर तिच्याकडेच नेत असतो. म्हणून सर्व्हरच्या नोंदी आणि गूगल सर्च कन्सोलमधली पानं या यादीत मिळवावी लागतात.

मग प्रत्येक पानासमोर भेटींचा आकडा येतो, आणि इथेच घाई नडते. फक्त पावसाळ्यातले तीन महिने पाहिले, तर पंपाची चांगली पानंही निरुपयोगी वाटतील. सर्च कन्सोल सोळा महिन्यांची माहिती ठेवतं; निदान पूर्ण वर्ष बघा. तरीही आकड्यावर एकट्यानं निकाल देऊ नये. त्या पुस्तिकेला महिन्याला जेमतेम दहा जण येत असतील, पण ते दहाही जण पंप उघडून बसलेले मिस्त्री असतात. ती ठेवायचीच. विक्रीनंतरची सेवा बघणाऱ्या माणसाला ही यादी दाखवल्याशिवाय एकही पान काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

एकाच पाच अश्वशक्तीच्या पंपावर तीन वेगवेगळ्या वर्षी लिहिलेली तीन पानं असतील, तर ती एकत्र करावीत. पत्ता कोणता ठेवायचा? ज्याला बाहेरच्या संकेतस्थळांवरून जास्त दुवे येतात, तो. बाकी दोघांतला उपयोगी मजकूर त्यात घ्यायचा आणि त्यांच्या पत्त्यांवरून तिकडे कायमचं वळण द्यायचं. सर्व्हरच्या भाषेत 301.

जुन्या दिवाळी सवलतीचं पान मात्र खुशाल काढा. त्याच्या जागी दुसरं काही नसेल, तर सर्व्हरनं 410, म्हणजे ‘कायमचं काढलं’, असं सांगावं. अशी सगळी पानं सरसकट मुखपृष्ठाकडे वळवण्याची सवय वाईट आहे. वाचक गोंधळतो, आणि गूगलही असं वळण बहुधा ‘पान सापडलं नाही’ असंच धरतं.

नवं संकेतस्थळ सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे सर्च कन्सोलमधली न सापडलेल्या पानांची यादी रोज उघडा. आणि दिलेली वळणं निदान वर्षभर तरी काढू नका. गूगलचा सल्लाही तोच आहे.