सात नंबर, वांगी, मुनिया काठ

माझी मावसबहीण नाशिकला घरूनच साड्या विकते. हॉलमधल्या दिवाणावर साड्यांचे गठ्ठे आणि समोर स्टँडवर फोन, एवढंच तिचं दुकान. शनिवारी रात्री 9 वाजता ती फेसबुकवर लाइव्ह येते. पहिल्या लाइव्हला कागदावर काही लिहिलं नव्हतं. बोलायला काय, साड्यांवर ती झोपेतही बोलेल! त्या रात्री ती दीड तास बोलली आणि तीन साड्या गेल्या. त्यातली एक परत आली, कारण स्क्रीनवर चॉकलेटी दिसलेली साडी घरी पोचली तेव्हा वाइन रंगाची निघाली.

आता ती कागद लिहूनच बसते. त्यावर भाषण नसतं. डाव्या बाजूला हात काय करणार, उजव्या बाजूला तोंड काय बोलणार. हाताची बाजू आधी भरायची, कारण बघणारीला साडीला हात लावता येत नाही. दुकानात बाई कापड दोन बोटांत चोळते, उजेडात धरते, उलटून बघते, आणि मग किंमत विचारते. या चारही गोष्टी विक्रेतीने तिच्या वतीने आणि त्याच क्रमाने करायच्या असतात.

एका तासात बारा साड्या. प्रत्येकीला चार मिनिटं धरली तर अठ्ठेचाळीस होतात. नमस्कार-चमत्काराला तीन, आणि उरलेली नऊ प्रश्नांसाठी मोकळी. ही नऊ मिनिटं खाऊन तेरावी साडी घुसवायचा मोह प्रत्येक वेळी होतो.

सात नंबरची साडी घेऊ. वांगी रंगाची सेमी पैठणी, मुनिया काठ, किंमत 2,450. चिठ्ठीवर ठळक 7 लिहून ती काठाला टाचलेली. पहिलं वाक्य ठरलेलं: “सात नंबर, वांगी रंग, सेमी पैठणी, मुनिया काठ.” या साडीला पुढच्या चार मिनिटांत हे वाक्य तीनदा येतं, कारण लाइव्हमध्ये माणसं सारखी येत-जात असतात. मधेच आलेलीला आपण काय बघतोय ते अर्ध्या मिनिटात कळलं नाही, तर ती बोट वर सरकवून निघून जाते.

मग पदर. तो उघडून फोनसमोर धरायचा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत हलवायचा नाही. कागदावर इथे लाल पेनने ‘थांब’ लिहिलंय. कापड हलत असलं की इंटरनेटवरून जाणाऱ्या चित्रातले बारकावे पुसले जातात आणि जरीचा नुसता पिवळा लपका दिसतो. नवीन विक्रेत्या साडी सारखी फडफडवत राहतात, त्यात मोरही दिसत नाही आणि बुट्टीही.

पदरानंतर उलटी बाजू. हा भाग तिने मुद्दाम किमतीच्या आधी ठेवलाय. हातमागावर पारंपरिक पद्धतीने विणलेल्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ असतो, कारण नक्षीतला प्रत्येक रंग शेजारच्या धाग्यात अडकवून तिथल्या तिथे परत फिरवलेला असतो. यंत्रमागावरच्या सेमीत धागे मागून लोंबतात किंवा कापलेले दिसतात. हे ती बोटाने दाखवते: “बघा, मागे धागे आहेत. यंत्रावरची आहे, म्हणून या किमतीत आहे.” हे आधीच सांगून टाकलं की “प्युअर आहे का?” हा प्रश्न आरोपासारखा येत नाही.

प्रश्न येतोच, म्हणून त्याचं उत्तर लिहून ठेवलेलं असतं. ‘सेमी’ हा बाजारातला फार सैल शब्द आहे. म्हणून उत्तराचे तीन तुकडे: धागा कशाचा, माग कोणता, जर कसली. सिल्क मार्कचं लेबल असलं तरी ते फक्त धागा खऱ्या रेशमाचा असल्याचं सांगतं. साडी हातमागावरची की यंत्रमागावरची, हे त्यावरून ठरत नाही. घाऊक व्यापाऱ्याला विचारून हे तिन्ही कागदावर उतरवलेलं नसेल, तर ती साडी त्या दिवशी लाइव्हला घ्यायचीच नाही, असा तिचा नियम. मला तो फार पटतो, कारण ऐन वेळी सुचलेलं उत्तर हमखास गोड आणि खोटं असतं.

पुढे हाताची दोन कामं. एकेरी कापडाखाली तळहात धरायचा, म्हणजे साडी किती आरपार दिसते ते कळतं. मग एक कोपरा मुठीत दहा सेकंद चुरगाळून सोडायचा, म्हणजे चुण्या किती राहतात ते दिसतं. शेवटी खांद्यावर टाकून चार निऱ्या. लांबीला टेप लावूनच बोलायचं: साडी साडेपाच मीटर, ब्लाउजपीस 80 सेंटीमीटर वेगळा.

रंगाचा तिढा मात्र नुसत्या शब्दांनी सुटत नाही. फोन समोरच्या दृश्याप्रमाणे उजेड आपोआप कमी-जास्त करतो. गडद साडीने सगळा स्क्रीन व्यापला की तो चित्र उजळवतो आणि वांगी रंग फिका जांभळा होतो. त्यावर तिचा उपाय घरगुती आहे. साडीशेजारी एक पांढरा कागद आणि कुंकवाचा करंडा. कुंकू कसं दिसतं हे बघणारीला ठाऊक असतं. ते तिला नारिंगी दिसत असेल, तर साडीचा रंगही तितकाच सरकलाय हे ती ओळखते.

आता किंमत, आणि त्यानंतरची शांतता. सुरुवातीला या शांततेने ती खचायची आणि लगेच शंभर रुपये कमी करून टाकायची. खरं तर तिचं बोलणं तोवर कुणापर्यंत पोचलेलंच नसायचं. एकदा आम्ही दुसऱ्या फोनवर तोच लाइव्ह लावला, आवाज बंद केला आणि तिला टाळी वाजवायला सांगितली. टाळी त्या फोनवर दिसेपर्यंत मी चौदा मोजले. त्यावर बघणारीचा टाइप करायचा वेळ. म्हणजे किमतीनंतर अर्धा मिनिट तरी काही येणार नाही, हे गृहीत धरून तिथे काम लिहून ठेवायचं: घडी घालणं, नंबर पुन्हा सांगणं, कुरिअरचे 100 रुपये वेगळे हे सांगणं.

याच उशिरामुळे सातव्या साडीचे प्रश्न आठवी उघडल्यावर येतात. “ब्लाउज दाखवा ना” म्हणजे कुणाचं ब्लाउज? म्हणून सुरुवातीलाच सांगायचं की प्रश्नाआधी नंबर लिहा, आणि तीच सूचना कमेंटमध्ये वर पिन करायची. सात नंबर मात्र आठवीची किंमत सांगून होईपर्यंत मागच्या दांडीवर राहतो, कपाटात जात नाही.

बुकिंगचं काम भाचीकडे. दोघींनी एकाच वेळी “7 बुक” लिहिलं, तर प्रत्येकीला आपलीच कमेंट आधीची वाटते. म्हणून नियम सुरुवातीलाच बोलून दाखवायचा: भाचीच्या फोनवर जी वर दिसेल ती पहिली, रात्री 11 पर्यंत पैसे आले नाहीत तर साडी दुसरीला. “थोडं कमी करा ना ताई” याचं उत्तरही कागदावर आहे, हसून द्यायचं: “दोन घेतल्यात तर कुरिअर माझ्याकडून.” एकीला लाइव्हवर सूट दिली, की आधीच्या साडीवाल्या सगळ्या मेसेज करतात.

गेल्या शनिवारी सात नंबर दुसऱ्याच मिनिटाला गेला. कल्याणच्या एका ताईंनी विचारलं, “7, धुतल्यावर रंग जाईल का?” कागदावर याचं उत्तर नव्हतं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मी धुऊन बघितलेली नाही ताई. ड्रायक्लीनच करा.” ताईंनी तरी घेतली. भाचीने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं: पुढच्या वेळी पांढरा ओला रुमाल, काठावर घासून दाखवणे.