दोन कारखाने, एकच नफा

इचलकरंजीत खर्चीवाला म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारा यंत्रमागधारक. सूत व्यापाऱ्याचं, तयार कापडही त्याचंच. खर्चीवाल्याच्या हाती येते ती विणाईची मजुरी. अशा दोन कारखान्यांचं उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी मी मांडलेले आहेत. दोघांचंही महिन्याचं बिल १० लाख, दोघांचाही नफा दीड लाख. नुसता नफा पाहणाऱ्याला दोघांत काहीच फरक दिसणार नाही.

पहिल्याकडे जुने साधे माग आहेत. कामगारांना विणलेल्या कापडावर मजुरी मिळते. ती मजुरी, माग चालतील तेवढी वीज आणि सुटे भाग मिळून ७ लाख जातात. माग थांबले की हा खर्चही थांबतो. शेडचं भाडं, दिवाणजीचा पगार असा बांधील खर्च दीड लाखच. दुसऱ्याने रेपियर माग बसवले. त्याचा बदलता खर्च ४ लाखांवर आला, पण घसारा, महिनेवारी पगार, मोठ्या शेडचं भाडं आणि वीजबिलातला मागणी आकार मिळून साडेचार लाख बांधील झाले. कापड निघो न निघो, ते द्यायचेच.

बिलातून बदलता खर्च वजा केला की उरतं ते अंशदान. पहिल्याचं ते ३ लाख, म्हणजे रुपयामागे ३० पैसे. दीड लाखाचा बांधील खर्च भागवायला त्याला ५ लाखांचं बिल पुरतं. हा त्याचा ना नफा ना तोटा बिंदू. त्याच्या वर आजचं बिल जितकं आहे, ती सुरक्षितता सीमा: ५ लाख, म्हणजे ५० टक्के. दुसऱ्याला रुपयामागे ६० पैसे सुटतात, तरी साडेचार लाख भागवायला साडेसात लाखांचं बिल लागतं. त्याची सीमा २५ टक्केच.

आता काम कमी झालं तर नफा किती वेगाने घसरेल, हे सांगणारी संख्या म्हणजे ऑपरेटिंग लिव्हरेज. अंशदानाला नफ्याने भागलं की ती मिळते: पहिल्याची २, दुसऱ्याची ४. सूतबाजार मंदावून दोघांचंही काम २० टक्क्यांनी घटलं, तर पहिल्याचा नफा ४० टक्क्यांनी घटून ९० हजारांवर येईल आणि दुसऱ्याचा ८० टक्क्यांनी घटून ३० हजारांवर. व्याज या हिशेबात धरलेलंच नाही. रेपियरच्या कर्जावर महिन्याला ५० हजार व्याज असेल, तर दुसरा तोट्यात गेला. उलट काम २० टक्क्यांनी वाढलं, तर पहिला २ लाख १० हजारांवर थांबेल आणि दुसरा २ लाख ७० हजारांवर पोचेल. तेव्हा रेपियर घेणारा चुकला असं मी म्हणणार नाही. मागांना वर्षभर काम मिळण्याची त्याची खात्री किती, यावर ते ठरेल.

नीट पाहिलं तर दोन्ही मापं एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. २५ टक्के म्हणजे पाव, आणि पाव उलटा केला की ४. ५० टक्के उलटे केले की २. एक काठापासूनचं अंतर सांगतं, दुसरं उताराचा चढेपणा.

हे आकडे एकदा काढून भिंतीवर लावण्याचे मात्र नाहीत. बिल ८ लाखांवर आलं तेव्हा दुसऱ्याची सीमा सव्वासहा टक्के उरली आणि लिव्हरेज ४ वरून १६ झालं. मंदीच्या पहिल्या महिन्यातल्या घसरणीवरून दुसऱ्या महिन्याचा अंदाज बांधणारा इथेच फसतो. खर्चाची विभागणीही तपासून पाहावी लागते. काम नसताना चांगले विणकर निघून जाऊ नयेत म्हणून पहिल्या कारखानदाराने त्यांना थोडे पैसे दिले, की कागदावरची ‘बदलती’ मजुरी तेवढ्यापुरती बांधील होते.

सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे. हे लिव्हरेज काम कमी-जास्त झाल्याचा परिणाम सांगतं, दर घटल्याचा नाही. व्यापाऱ्याने दर १० टक्क्यांनी पाडला आणि कापड तेवढंच निघालं, तर खर्च एक पैसाही कमी होत नाही. बिलातला गेलेला लाख सरळ नफ्यातून जातो. दोघांचाही नफा दीड लाखावरून ५० हजारांवर येतो. शिवाय पहिल्याची सुरक्षितता सीमा ५० वरून २५ टक्क्यांवर आणि दुसऱ्याची २५ वरून १० टक्क्यांवर उतरते. म्हणून दुसऱ्याने व्यापाऱ्यापुढे बसताना दोन गोष्टी वेगवेगळ्या मागाव्यात: दरमहा किमान किती मीटरचं काम, आणि तो दर किती महिने टिकणार. पहिलीची हमी मिळाली आणि दुसरीची नाही, तर रेपियर माग रात्रंदिवस धडधडत राहतील आणि महिनाअखेरीस साडेचार लाख भागवणंच अवघड होईल.