शांतता झाली की तुटणारं कनेक्शन

एखाद्या हॉटेलच्या किचनमध्ये भिंतीवर ऑर्डरचा स्क्रीन लावलेला असतो. बाहेर वेटरने टॅबवर ऑर्डर घेतली की ती त्याच क्षणी आत उमटते. जेवणाच्या गर्दीत हा स्क्रीन दोन-दोन तास बिनतक्रार चालतो. दुपारी तीननंतर गर्दी ओसरली, की मात्र दर मिनिटाला ‘कनेक्शन तुटले’ असं झळकतं, दोन सेकंदांत ते पुन्हा जोडलं जातं आणि मिनिटभराने परत तुटतं. नेमकी त्या दोन सेकंदांत आलेली ऑर्डर हरवण्याचा धोका असतो.

दोष बहुतेक वेळा वायफायला दिला जातो. पण वायफाय कमजोर असतं, तर कनेक्शन गर्दीतही तुटलं असतं आणि केव्हाही तुटलं असतं. इथे ते फक्त शांततेत आणि घड्याळ लावल्यासारखं तुटतं. म्हणजे कुणीतरी सेकंद मोजतंय.

हा स्क्रीन वेबसॉकेटवर चालतो. नेहमीच्या वेबपानासाठी ब्राउझर विचारतो, सर्व्हर उत्तर देतो आणि काम संपतं. वेबसॉकेटमध्ये सुरुवातीला एकदाच बोलणी होतात, सर्व्हर 101 हा संकेत देतो आणि पुढे ती वाट दोन्ही बाजूंसाठी उघडी राहते. पण ब्राउझर आणि सर्व्हर सहसा थेट जोडलेले नसतात. मध्ये एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी असतो. तो एक कनेक्शन ब्राउझरशी आणि दुसरं सर्व्हरशी धरून ठेवतो.

सेकंद मोजणारा हाच. मागच्या सर्व्हरकडून 60 सेकंद काहीच आलं नाही, तर एनजिनएक्स मुळातल्या सेटिंगप्रमाणे कनेक्शन बंद करतो. त्याची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. पलीकडच्या यंत्राची वीज गेली, तर ‘मी गेलो’ असं सांगायला तिथे कुणी उरत नाही. प्रॉक्सीला गप्प बसलेला आणि मेलेला सारखाच दिसतो. मेलेली कनेक्शनं तो धरून बसला, तर नव्यांना जागा उरणार नाही.

निदान पक्कं करायची माझी आवडती रीत म्हणजे तो आकडाच हलवून पाहणं. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये त्या जागेपुरती एवढी ओळ घालायची:

```
proxy_read_timeout 75s;
```

सेटिंग पुन्हा लोड करायचं, स्क्रीन नव्याने जोडायचा आणि घड्याळ घेऊन बसायचं. कनेक्शन आता 75 सेकंदांनी तुटलं, तर गुन्हेगार सापडला. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्येही `upstream timed out` अशी नोंद दिसते. ब्राउझरला मात्र फक्त 1006 हा आकडा मिळतो. निरोप न घेता कनेक्शन गेलं, एवढाच त्याचा अर्थ, त्यामुळे कारण शोधायला तो फारसा कामाचा नाही. आकडा बदलूनही तुटणं 60 वरच राहिलं, तर वाटेत आणखी कुणीतरी मोजतंय असं समजावं. क्लाउडमधल्या लोड बॅलन्सरचीही अशीच मर्यादा असते.

मग मर्यादा सरळ एक तास का करू नये? केली तर तुटणं थांबतं, पण खरोखर मेलेलं कनेक्शनही तासभर जिवंत समजलं जातं. किचनमधला स्क्रीन बंद पडलेला असतो आणि सर्व्हर त्याला ऑर्डरी पाठवत राहतो.

खरा उपाय हुंकाराचा आहे. आजी गोष्ट सांगत असते आणि नातवाचा ‘हूं’ थांबला की तिला कळतं, हा झोपला. वेबसॉकेटच्या 2011 च्या मानकातच पिंग आणि पाँग हे दोन छोटे संदेश ठरवलेले आहेत. सर्व्हरचा रिकामा पिंग अवघ्या दोन बाइटचा असतो. त्याला ब्राउझर आपणहून पाँगने उत्तर देतो, त्यासाठी पानावर वेगळा कोड लागत नाही. सर्व्हरने दर 25 सेकंदांनी पिंग धाडला, तर प्रॉक्सीचं मोजणं प्रत्येक वेळी शून्यावर येतं, आणि एखादा पिंग उशिरा पोहोचला तरी 60 च्या आत दुसरा येतोच. पुढच्या पिंगची वेळ झाली तरी आधीचा पाँग आला नसेल, तर सर्व्हरने ते कनेक्शन स्वतः तोडावं. हा दुसरा भाग बरेच जण गाळतात, आणि मग हुंकाराचा निम्मा फायदा वाया जातो.

हुंकाराची सुरुवात ब्राउझरकडे सोपवण्यात एक खोच आहे. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टला पिंग पाठवताच येत नाही, म्हणून लोक टायमर लावून साधा संदेश पाठवतात. पण क्रोममध्ये टॅब पाच मिनिटांहून जास्त काळ मागे राहिला, की असे टायमर मिनिटातून एकदाच चालवले जाऊ शकतात. 25 सेकंदांचा हुंकार मग 60 वर जातो, म्हणजे नेमका प्रॉक्सीच्या मर्यादेवर. टॅब समोर ठेवून तपासलं तर सगळं ठीक दिसतं आणि तक्रारी मात्र येत राहतात.

म्हणून पिंग सर्व्हरकडूनच पाठवा, वाटेतल्या सर्वांत लहान मर्यादेच्या निम्म्याहून कमी अंतराने. आणि तुटलेलं कनेक्शन पुन्हा जोडलं गेलं, की मधल्या काळातल्या ऑर्डरी स्क्रीनने मागून घ्यायलाच हव्यात, कारण वीज आणि वायफाय जायचे ते कधीतरी जाणारच.