काचेवर बोटांनी शोधलेली अक्षरं

स्क्रीन रीडर सुरू असलेला फोन पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला वाटतं की तो बिघडलाय. कीबोर्डवर ‘प’ला बोट लावलं की फोन ‘प’ म्हणतो, पण अक्षर उमटत नाही. हा बिघाड नाही. डोळसांच्या फोनमध्ये स्पर्श म्हणजे दाबणं असतं. अँड्रॉइडचा टॉकबॅक किंवा आयफोनचा व्हॉइसओव्हर चालू झाला की स्पर्श म्हणजे विचारणं होतं: माझ्या बोटाखाली काय आहे? बोट न उचलता सरकवत गेलं, की वाटेतलं प्रत्येक अक्षर ऐकू येतं. हवं ते सापडलं की बोट उचलायचं आणि स्क्रीनवर कुठेही पटकन दोनदा टकटक करायची. नेमकं त्या अक्षरावरच टकटक करण्याची गरज नसते, कारण फोनने ते अक्षर आधीच पकडून ठेवलेलं असतं.

ही पद्धत सुरक्षित आहे, पण धीमी. दोन टकटकींमध्ये जास्त वेळ गेला तर फोन त्यांना दोन वेगळे स्पर्श समजतो आणि शेजारचं भलतंच अक्षर पकडतो. म्हणून दोन सोयी आहेत. एकात पहिलं बोट अक्षरावरच ठेवून दुसऱ्या बोटाने बाजूला एक टिचकी मारायची. दुसऱ्यात बोट उचलताच अक्षर उमटतं. ही दुसरी सोय सेटिंगमधून निवडता येते आणि सरावल्यावर वेग बराच वाढतो. मात्र बोट उचलताना किंचित घसरलं की शेजारचं अक्षर येतं. नको असलेल्या अक्षरावर बोट पोचलं असेल तर ते तिथे न उचलता कीबोर्डच्या बाहेर सरकवून मग उचलावं.

मराठीत खरी कसोटी कानांची लागते. ‘न’ आणि ‘ण’, ‘श’ आणि ‘ष’, ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी यांतला फरक वेगाने वाचणारा यांत्रिक आवाज फारसा दाखवत नाही. फोनचा आवाज इंग्रजीवर ठेवलेला असेल तर देवनागरी अक्षरं वगळलीही जातात आणि कीबोर्ड मुका वाटतो. म्हणून आधी मराठी आवाज निवडावा. संदेश पाठवण्यापूर्वी वाचनाचं एकक ‘अक्षर’ ठेवून शंकेचा शब्द एकेक अक्षर पुढे सरकत ऐकावा. शब्द सलग ऐकून अशी चूक सापडत नाही.

ज्यांना ब्रेल येतं त्यांच्यासाठी तिसरा मार्ग आहे. आयफोनवर तो 2014पासून आहे, टॉकबॅकमध्ये 2020 साली आला. ब्रेलची चौकट सहा बिंदूंची असते: डावीकडे 1, 2, 3 आणि उजवीकडे 4, 5, 6. फोन आडवा धरून स्क्रीन आपल्यापासून दूर फिरवायची आणि दोन्ही हातांची तीन-तीन बोटं काचेवर टेकवायची. फोन टेबलावर सपाट ठेवूनही टाइप करता येतं. बोटांच्या ठेवणीप्रमाणे बिंदूंच्या जागा पुन्हा आखून घेता येतात. एका बोटाने उजवीकडे सरकवलं की मोकळी जागा, डावीकडे सरकवलं की खोडणं.

‘पुस्तक’ हा शब्द घेऊ. ‘प’साठी 1, 2, 3, 4 ही बोटं एकदम टेकवायची. उकारासाठी 1, 3, 6. आता जोडाक्षर. देवनागरीत ‘स’ लिहून त्याचा पाय मोडतो, भारती ब्रेलमध्ये पाय मोडल्याची खूण आधी येते. म्हणून आधी फक्त बिंदू 4, मग ‘स’ म्हणजे 2, 3, 4, त्यानंतर ‘त’ म्हणजे 2, 3, 4, 5 आणि शेवटी ‘क’ म्हणजे 1, 3. सहा ठोके झाले. साध्या कीबोर्डवरही हा शब्द सहा कळांत होतो, पण तिथे प्रत्येक कळ ऐकून शोधावी लागते. इथे शोधणंच उरत नाही, आणि माझ्या मते ब्रेल जाणणाऱ्याने लांब मजकुरासाठी हाच मार्ग धरावा. त्यासाठी सेटिंगमध्ये ब्रेलच्या भाषांच्या यादीत मराठी आहे का, ते पाहून ती निवडावी. इंग्रजी निवडलेली राहिली तर हेच ठोके रोमन अक्षरं नाहीतर इंग्रजी खुणा म्हणून उमटतात.

एक मर्यादा फोनच्या काचेची आहे. भारती ब्रेलमध्ये ‘ढ’ला सहाही बिंदू लागतात. एका वेळी पाचच स्पर्श ओळखणाऱ्या फोनवर ते सहा एकत्र पोचत नाहीत. बाकीची अक्षरं नीट येतात आणि ‘ढ’ मात्र चुकतो, तेव्हा दोष बोटांचा नसतो. ब्रेल वापरणाऱ्यांनी नवा फोन घेताना दुकानातच स्क्रीन रीडर सुरू करावा आणि ‘ढग’ हा शब्द उमटतो का, ते आधी पाहावं.